गॅलिलिओची कांशाची गोळी

इ. स. १६३८ सालीं हॉलंडांतील लायडेन शहरीं, एल्झेव्हिर यांच्या छापखान्यांतून, एक इटालियन ग्रंथ बाहेर पडला. ग्रंथकर्ता गॅलिलिओ त्या वेळीं ७४ वर्षांचा होता. त्याची दृष्टि गेली होती, आणि धर्मन्यायासनाच्या आज्ञेनें तो फ्लॉरेन्सजवळच्या आपल्या घरांत स्थानबद्ध होता. ग्रंथाचा विषय दोन नवीं शास्त्रें हा असून, साल्व्हिआती, साग्रेदो व सिंप्लिचिओ या तीन गृहस्थांच्या चार दिवसांच्या संभाषणांतून तो मांडलेला आहे. त्यांतील तिसऱ्या दिवशीं साल्व्हिआती एका प्रयोगाची हकीकत सांगतो. पदार्थविज्ञानाच्या प्रत्येक शालेय पुस्तकांत तिचा उल्लेख असतो; परंतु त्या प्रयोगांत एक लहानसें कोडें दडलेलें होतें, तें मात्र सहसा कोणी सांगत नाहीं.

प्रयोग असा. सुमारे १२ हात लांबीची, अर्धा हात रुंदीची व तीन बोटें जाडीची एक लांकडी तुळई घेतली. (तो इटालियन हात आपल्या हातापेक्षां मोठा, सुमारे २३ इंचांचा होता.) तिच्या कडेवर बोटभराहून किंचित रुंद अशी सरळ खांच कोरून ती गुळगुळीत केली व तिच्यांत तुकतुकीत चर्मपत्र चिकटवलें. तुळईचें एक टोंक एकदोन हात उंच उचलून खांचेंतून घोटून गोल केलेली कांशाची गोळी सोडली. वेळ मोजण्यास घड्याळ नव्हतें; म्हणून मोठ्या भांड्याच्या तळाच्या बारीक नळींतून पडणारें पाणी पेल्यांत धरून तें तराजूंत तोललें. पाण्याचें वजन हेंच वेळेचें माप. गोळीनें तोडलेलें अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें, असें शंभर वेळां करूनहि दिसून आलें. दुप्पट वेळांत चौपट अंतर, तिप्पट वेळांत नऊपट.

गॅलिलिओचें म्हणणें असें होतें कीं, मोकळी पडणारी वस्तु इतकी वेगानें पडते कीं तिची वेळ मोजतां येत नाहीं. उतरण ही त्याच पतनाची मंद आवृत्ति आहे. उतरण सहा हात लांब व एक हात उंच असेल, तर तिच्यावरील प्रवेग मोकळ्या पतनाच्या प्रवेगाचा सहावा हिस्सा होईल. म्हणजे मोकळा दगड जितक्या वेळांत ४२ हात पडेल, तितक्या वेळांत उतरणीवरील वस्तु ७ हात सरकेल. हिशेब निर्दोष आहे. परंतु साल्व्हिआतीची गोळी जर कोणीं खरोखर मोजली असती, तर ती ७ हात न जातां जेमतेम ५ हातच गेलेली आढळली असती. खांचेमुळें तर त्याहूनहि थोडी कमी.

ही तफावत एका चौकस माणसाच्या ध्यानांत आलीहि होती. पॅरिस येथील मारँ मर्सेन्न या पाद्र्यानें गॅलिलिओचा १६३२ सालचा ग्रंथ वाचून उतरणीचे प्रयोग स्वतः केले. उतरणीवरची गोळी मोकळ्या पतनाशीं ताडून पाहतां हिशेबाच्या मागें पडते, असें त्याला दिसलें. आणि १६३६ सालच्या आपल्या ग्रंथांत, गॅलिलिओनें हे प्रयोग मुळीं केलेच असतील काय, अशी शंका त्यानें उघडपणें लिहून ठेवली. मर्सेन्नच्या मापनांत इतरहि अडचणी होत्या. पण त्याच्या शंकेचें एक मोठें कारण असें होतें कीं, त्याचें उत्तर त्या काळीं ना त्याच्यापाशीं होतें, ना गॅलिलिओपाशीं. गोळी घसरत नव्हती. ती गडगडत होती. आणि घसरणें व गडगडणें या दोहोंत जो भेद आहे, त्याचा हिशेब अद्याप कोणीं मांडलेला नव्हता.

हा भेद समजण्यास बैलगाडीचें चाक पुरेसें आहे. चाकाच्या लोखंडी धांवेवर एका ठिकाणीं ओल्या चुन्याचा ठिपका लावला व गाडी कोरड्या रस्त्यानें हांकली, तर रस्त्यावर ठराविक अंतरावर ठिपके उमटत जातील. चाकाचा व्यास ४ फूट असेल तर दोन ठिपक्यांमधील अंतर परिघाइतकें, म्हणजे सुमारे साडेबारा फूट भरेल. चाक चिखलांत जागच्या जागीं गरगरूं लागलें, तर ठिपके साडेबारा फुटांपेक्षां जवळजवळ पडतील. उलट, चाक अडकून फरफटत जाऊं लागलें, तर ते लांब लांब पडतील. ठिपके बरोबर परिघाच्या अंतरावर पडणें हीच चाक न घसरतां फिरत असल्याची खूण.

हीच गोष्ट वेगाच्या भाषेंत सांगावयाची तर अशी: चाकाचा मध्य ज्या वेगानें पुढें जातो, तो वेग, चाकाचा कोनवेग व त्रिज्या यांच्या गुणाकाराइतका असलाच पाहिजे. येथें कोनवेग म्हणजे चाक एका सेकंदांत किती कोन फिरतें, तें प्रमाण. चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदु मध्याबरोबर पुढें जात असतो आणि फिरण्यामुळें तितक्याच वेगानें मागें येत असतो. दोन्ही मिळून तो त्या क्षणापुरता अगदीं निश्चल असतो. चाकाचा माथा मात्र मध्याच्या दुप्पट वेगानें धांवत असतो. नियम हा एवढाच आहे. तो कोणतें नवीन बल निर्माण करीत नाहीं. तो पुढें जाणें व फिरणें या दोन गतींना एका सांखळीनें जखडून टाकतो. एक वाढली कीं दुसरी वाढलीच पाहिजे.

नवलाची गोष्ट अशी कीं, या सांखळीचा विचार गॅलिलिओच्या त्याच ग्रंथांत, पहिल्या दिवसाच्या संभाषणांत, आलेला आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या नांवावर चालत आलेलें एक जुनें कोडें साल्व्हिआती तेथें उकलूं पाहतो. एकाच मध्याभोंवतीं दोन वर्तुळें काढून तीं एकमेकांशीं पक्कीं जोडलीं. मोठें वर्तुळ जमिनीवर एक फेरा गडगडलें कीं तें आपल्या परिघाइतकें पुढें जातें. आंतलें लहान वर्तुळहि एकच फेरा फिरतें, पण त्याला मोठ्याबरोबर तितकेंच अंतर जावें लागतें. मग लहान परीघ मोठ्या रेषेवर पसरला कसा? गॅलिलिओनें प्रथम वर्तुळांच्या जागीं षट्‌कोन घेतले. मोठा षट्‌कोन बाजूमागून बाजू टेकत जातो, तेव्हां लहान षट्‌कोन आपल्या रेषेवर मधूनमधून उड्या घेतो व कांहीं जागा रिकामी सोडतो, असें त्यानें दाखविलें. त्यावरून वर्तुळाच्या ठिकाणीं अशा अनंत सूक्ष्म रिकाम्या जागा असाव्यात, अशा गहन तर्कांत तो शिरला. साधें उत्तर असें कीं, लहान वर्तुळ आपल्या रेषेवर गडगडतच नाहीं. तें फिरतां फिरतां फरफटत जातें. मध्याचा वेग व कोनवेग यांना जोडणारी त्रिज्या एका वेळीं एकच असूं शकते. ती मोठ्याची असेल तर लहान वर्तुळ घसरणारच.

पहिल्या दिवशीं इतका खोल गेलेला हा विचार तिसऱ्या दिवशीं गोळीपर्यंत पोंचला नाहीं. तो पोंचला असता तर काय दिसलें असतें?

गोळी उंचावरून खालीं येते तेव्हां तिला ठराविक ऊर्जा मिळते. वस्तु नुसती घसरत आली तर ती सगळी ऊर्जा पुढें धांवण्यांत जाते. परंतु गोळीला सांखळीमुळें फिरावेंहि लागतें, आणि फिरण्यालाहि ऊर्जा लागते. ती किती, हें गोळीचें द्रव्य आंसापासून किती दूर पसरलें आहे यावर ठरतें. पातळ कड्याचें सारें द्रव्य कडेला असतें. तें न घसरतां गडगडलें तर फिरण्यामुळें त्याच्या प्रत्येक कणाचा वेग मध्याच्या वेगाइतकाच असतो, म्हणून फिरण्याची ऊर्जा धांवण्याच्या ऊर्जेइतकीच होते. भरीव गोळीचें पुष्कळसें द्रव्य आंसाच्या जवळ असतें व तेथील कण हळू फिरतात. सर्व कणांचा हिशेब केला म्हणजे फिरण्याची ऊर्जा धांवण्याच्या ऊर्जेच्या दोन पंचमांश भरते. म्हणजे मिळालेल्या ७ वांट्यांपैकीं ५ धांवण्यास व २ फिरण्यास. त्यामुळें गडगडणाऱ्या गोळीचा प्रवेग घसरणाऱ्या वस्तूच्या प्रवेगाच्या पांच सप्तमांश असतो. दगड ४२ हात पडतो, घसरणारी वस्तु ७ हात जाते, आणि गोळी ५ हात. गोळी कांशाची असो वा कांचेची, लहान असो वा मोठी. भरीव असली कीं हें प्रमाण तेंच.

ही वांटणी घरींहि पाहतां येते. एका रुंद फळीचें टोंक पुस्तकावर टेकवून तिच्यावरून भरीव गोटी व पातळ बांगडी एकाच क्षणीं, ढकलल्यावांचून, सोडावी. बांगडीच्या ऊर्जेचा अर्धा भाग फिरण्यांत जातो, म्हणून तिचा प्रवेग निम्मा. गोटीचा पांच सप्तमांश. गोटी १० वीत गेली असतां बांगडी ७ वितींवर असते. बांगडी जड घेतली तरी तिची हार टळत नाहीं.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. घर्षणानें गोळीचा वेग खाल्ला, असें म्हणणें चूक आहे. घर्षणाशिवाय गोळी फिरलीच नसती हें खरें. फळीला टेकलेल्या जागीं तेंच तिला पिळ देतें. पण ती टेकलेली जागा त्या क्षणीं निश्चल असल्यामुळें तेथें घांसाघांस होत नाहीं व ऊर्जा उष्णता होऊन वायां जात नाहीं. ते २ वांटे हरवलेले नसून फिरण्यांत सांठविलेले असतात. गोळी समोरच्या चढावर न घसरतां चढूं लागली कीं ते परत मिळतात, आणि ती जवळजवळ मूळच्या उंचीपर्यंत जाते.

आतां प्रश्न असा कीं, गोळीचा प्रवेग दोन सप्तमांशांनीं कमी असतांना गॅलिलिओचा वर्गाचा नियम बरोबर कसा निघाला? उत्तर त्या सांखळींतच आहे. मध्याचा वेग व कोनवेग यांचें प्रमाण प्रत्येक क्षणीं तेंच राहतें, म्हणून ५ व २ ही वांटणीहि आरंभापासून शेवटपर्यंत बदलत नाहीं. प्रवेग कमी होतो, पण एकसारखा राहतो. आणि वर्गाच्या नियमाला एवढेंच पुरे आहे. गॅलिलिओनें एका गोळीची तुलना त्याच गोळीशीं, त्याच खांचेंत केली, तोंवर दोष दिसण्याचें कारणच नव्हतें. गोळीची तुलना मोकळ्या पतनाशीं करणाऱ्या मर्सेन्नला मात्र तो दिसला.

खांचेनें या गोष्टींत आणखी एक भर घातली. खांचेच्या दोन कडांवर टेकलेली गोळी आपल्या तळाच्या टोंकावर गडगडत नाहीं. ती दोन्ही बाजूंच्या लहान वर्तुळांवर गडगडते, आणि तिचा मधला फुगीर भाग खांचेंत लोंबत राहतो. पहिल्या दिवसाचें तें कोडें येथें उलटें झालेलें आहे: लहान वर्तुळ गडगडत असतें आणि मोठ्याला आधार नसतो. समजा, गोळीची त्रिज्या १० मापें आहे आणि खांचेची रुंदी १२ मापें. मग टेकण्याच्या जागा मध्यरेषेपासून ६ मापांवर येतात, व गडगडण्याची खरी त्रिज्या ८ मापें होते. एका फेऱ्यांत गोळी आतां कमी अंतर जाते. तितकेंच अंतर जाण्यास तिला अधिक फिरावें लागतें. फिरण्याचा वांटा वाढतो, आणि पांच सप्तमांशाच्या जागीं प्रवेग आठ तेरांशावर उतरतो. खांच जितकी रुंद, तितकी गोळी मंद.

या सर्वांचा एक पुरावा गॅलिलिओच्या स्वतःच्या हस्ताक्षरांत शिल्लक आहे. त्याच्या ग्रंथांची मोठी संपादित आवृत्ति आंतोनिओ फाव्हारो यानें १८९० ते १९०९ या काळांत २० खंडांत छापली. परंतु ज्या टिपणांत नुसत्या आकृत्या व आंकडेच होते, त्यांपैकीं पुष्कळ पानें तींत आलीं नाहींत. फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयांतील तीं पानें टोरांटो येथील इतिहाससंशोधक स्टिलमन ड्रेक यानें पाहिलीं आणि १९७३ सालीं त्यांतील कांहीं प्रसिद्ध केलीं. ११६ क्रमांकाच्या पानाच्या पाठीमागें, सुमारे १६०८ सालचें, एक टिपण आहे. ड्रेकनें त्याचा अर्थ असा लावला: टेबलावरील उतरणीवरून गोळी सोडली, ती खालीं येऊन आडव्या दिशेनें टेबलाबाहेर उडाली आणि जमिनीवर कोठें पडली तें मोजलें. मापाचें एकक पुंतो, म्हणजे मिलिमीटरहून किंचित कमी. टेबलाची उंची ८२८ पुंतो.

गोळी ३०० पुंतो उंचीवरून सोडली तेव्हां ती टेबलापासून ८०० पुंतो दूर पडली. ६०० वरून ११७२, ८०० वरून १३२८, ८२८ वरून १३४० आणि १००० वरून १५००. पहिला आंकडा आधार धरून गॅलिलिओनें बाकीचे आंकडे हिशेबानें काढले. ते ११३१, १३०६, १३३० व १४६० असे आले, आणि फरक ४१, २२, १० व ४० पुंतोंचे. चाळीस पुंतो म्हणजे दोन बोटांची रुंदी. इतक्या साध्या साधनांनीं याहून अधिक अचूकपणाची अपेक्षा करणें कठीण. येथेंहि गोळीची तुलना त्याच गोळीशीं असल्यामुळें प्रमाण बरोबर जुळलें.

आतां ८२८ हा आंकडा निराळा घेऊन पाहावा. उतरणीची उंची व टेबलाची उंची येथें सारखी आहे. वस्तु नुसती घसरत आली असती तर या उंचीच्या बरोबर दुप्पट अंतरावर, म्हणजे १६५६ पुंतोंवर, पडली असती. गोळी पडली १३४० वर. ३१६ पुंतो, सुमारे एक फूट, अलीकडे. इतकी चूक हातून होणारी नव्हे. सांखळीचा नियम लावला तर वेगाचा वर्ग पांच सप्तमांश होतो, वेग शेंकडा साडेचौऱ्यायशीं होतो, आणि अंतर १४०० पुंतो येतें. उरलेली ६० पुंतोंची तूट खांच व उतरणीच्या तळाशीं बसणारा धक्का यांवर सहज टाकतां येते. इतर चार नोंदींतहि गोळी घसरणीच्या हिशेबापेक्षां पुष्कळ अलीकडे, आणि गडगडण्याच्या हिशेबाच्या थोडी अलीकडे पडलेली आहे. म्हणजे जो हिशेब त्या पानाच्या लेखकाला करतां आला नाहीं, त्याच्या खुणा त्याच्या प्रामाणिक आंकड्यांत जशाच्या तशा राहून गेल्या. प्रयोग झालेच नसतील, या शंकेला याहून नेमकें उत्तर मिळणें अवघड आहे. कारण कल्पनेनें लिहिलेले आंकडे १६५६ च्या जवळ आले असते.

ही सांखळी केव्हां तुटते, तेंहि पाहिलें पाहिजे. सपाट फळीवर गोळीला फिरविण्यास जें घर्षण लागतें, तें उतरणीच्या तीव्रतेबरोबर वाढत जातें. सहा हात लांबीस एक हात चढ असेल, तर तें गोळीच्या दाबाच्या सुमारें विसाव्या हिश्शाइतकें लागतें. एवढें घर्षण बहुतेक कोणत्याहि पृष्ठावर मिळतें. म्हणून गॅलिलिओची गोळी त्याच्या मंद उतरणीवर घसरली नाहीं, असें निःशंक म्हणतां येतें. पण पृष्ठ दाबाच्या एक पंचमांशाहून अधिक घर्षण देऊं शकत नसेल, तर सुमारे ३५ अंशांच्या उतरणीपुढें गोळीचें फिरणें तिच्या धांवण्याच्या मागें पडूं लागतें. तेथून पुढें पांच सप्तमांश हें प्रमाण लागू पडत नाहीं. प्रवेग त्याहून वाढतो, आणि कांहीं ऊर्जा घांसून उष्णतेंत जाते. गोळीवर शाईचा ठिपका लावून फेरे मोजले, व अंतर फेऱ्यांच्या परिघांहून जास्त भरलें, कीं ती घसरूं लागली असें समजावें.

गोळीच्या फिरण्याचा हिशेब मांडण्याची रीत पुढें हळूहळू तयार झाली. हॉयगेन्स यानें १६७३ सालच्या आपल्या लंबकावरील ग्रंथांत जाड, आकारमान असलेल्या लंबकाचा प्रश्न सोडविला. तेथें प्रत्येक कणाचें आंसापासूनचें अंतर वर्ग करून मोजावें लागतें, हें स्पष्ट झालें. त्या राशीला निरूढीचें परिबल या अर्थाचें नांव देऊन ऑयलर यानें १७६५ सालीं तिचें व्यवस्थित शास्त्र रचलें. भरीव गोळीचा तो दोन पंचमांश आंकडा याच शास्त्रांतला. ऑयलरचा ग्रंथ लायडेनच्या त्या ग्रंथानंतर १२७ वर्षांनीं निघाला. गॅलिलिओच्या पहिल्या दिवसाचें चाक आणि तिसऱ्या दिवसाची गोळी यांच्यामध्यें पानें थोडींच होतीं. पण एकावरून दुसऱ्याकडे जाण्यास तितका काळ लागला.